मॅडम, काम कुठवर आलं?

कल्याण पश्चिमेला रामबागेत आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही घरांचं इंटिरियर करतो. डिझाइन आणि ग्राहक माझ्याकडे, माल आणि साइट नवऱ्याकडे. सुतार, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, रंगारी ठरलेले आहेत, पण पगारावर नाहीत. एका वेळी चार-पाच साइट चालू असतात. बहुतेक खडकपाडा, गांधारी, ठाकुर्ली, डोंबिवली. एखादी ठाण्याला घोडबंदर रोडवर. टू बीएचकेचं पूर्ण काम म्हटलं की अडीच-तीन महिने जातात. एवढ्या दिवसांत ग्राहकाला प्रश्न एकच असतो, आणि तो रोज असतो: काम कुठवर आलं?

हे मेसेज लोकलच्या वेळापत्रकानं येतात. सकाळी आठ-साडेआठला गाडीत नीट उभं राहायला जागा मिळाली की पहिला हप्ता. संध्याकाळी परतीच्या गाडीत दुसरा. रात्री जेवणं उरकल्यावर तिसरा, आणि तो जरा लांबलचक. प्रत्येक साइटचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्यात नवरा-बायको, सासू-सासरे, कधी पुण्याचा दीर, कधी अमेरिकेतला मुलगा. सगळे आपापल्या वेळेला तेच विचारतात.

त्रास नुसता मेसेजच्या संख्येचा नव्हता. मी उत्तरं द्यायचे ती स्कूटर बाजूला लावून, सिग्नलला, प्लायवूडच्या दुकानात उभ्या-उभ्या. सकाळी ग्राहक जोडप्यातल्या नवऱ्याला सांगितलेलं असायचं, "बेडरूमचं वॉर्डरोब गुरुवारपर्यंत." दुपारी मिस्त्रींचा फोन यायचा की लॅमिनेट आलेलं नाही. संध्याकाळी बायकोनं विचारलं की मी "शनिवारी" म्हणायचे. रात्री दोघं घरात आमच्या दोन तारखा जुळवत बसायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज वाढलेले असायचे. खोटं कुणीच बोललेलं नसायचं, पण विश्वास जायचा तो जायचाच.

एका बाथरूमवरून हे टोकाला गेलं. गांधारीला एका काकांचा जुना फ्लॅट होता. बाथरूमची फरशी काढून वॉटरप्रूफिंग केलं. वॉटरप्रूफिंगचे कोट सुकले की ड्रेन बंद करून फरशीवर पाणी भरून ठेवतात. आमच्याकडे त्याला पाँडिंग म्हणतात. साधारण अठ्ठेचाळीस तास पाणी तसंच ठेवायचं, पातळी खाली जाते का बघायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल येते का तेही बघायचं. या दोन दिवसांत बाथरूममध्ये कुणी माणूस नसतो, कारण तिथे करण्यासारखं काही नसतं. त्याच आठवड्यात सुतार दुसऱ्या साइटवर होता, म्हणून फ्लॅटलाच कुलूप होतं. काका सकाळी फिरायला निघाले की चक्कर मारायचे. दोन दिवस कुलूप बघितलं आणि त्यांनी थेट ग्रुपवर टाकलं की पैसे घेऊन काम बंद ठेवलं आहे. ग्रुपमध्ये त्यांचे तीन नातेवाईक. मी पाँडिंग समजावून सांगितलं, फोटो टाकले; पण कुणी असं बोलून झाल्यावर दिलेलं स्पष्टीकरण सबबीसारखंच वाटतं. तेच दोन दिवस आधी सांगितलं असतं तर ती फक्त माहिती असती.

मग मी जुने ग्रुप उघडून मेसेज वाचत बसले. माझी समजूत अशी होती की लोक घाई करतात म्हणून विचारतात. वाचल्यावर वेगळंच दिसलं. काम जोरात चालू असतं, घरात धूळ आणि खडखडाट असतो, तेव्हा फारसं कुणी विचारत नाही. लोक विचारतात ते काम थांबलेलं दिसतं तेव्हा. पुट्टी वाळतेय, ग्रॅनाइट यायचंय, दारांचे शटर फॅक्टरीत आहेत, सोसायटीनं रविवारी ठोकाठोक बंद ठेवायला सांगितलीय. आमच्या लेखी हे दिवस कामाचेच असतात, ग्राहकाच्या लेखी वाया गेलेले.

त्या सुमारास खडकपाड्याच्या एका ताईंचं काम सुरू झालं. त्या ठाण्याला आयटी कंपनीत आहेत. त्यांनीच सुचवलं की आमच्याकडे प्रोजेक्टची कामं ट्रेलोवर असतात, तुम्ही तसा बोर्ड करा, मी तिथेच बघत जाईन. ट्रेलो मला नावानं माहीत होतं. 2011 पासून आहे, 2017 मध्ये ॲटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीनं ते विकत घेतलं, आणि छोट्या कामांपुरतं फुकट वापरता येतं. एका बोर्डावर उभे रकाने, रकान्यात कार्डं. काम पुढे सरकलं की कार्ड उचलून पुढच्या रकान्यात ठेवायचं. शिकायला अर्धा तास पुरे.

पहिला बोर्ड मी फार मन लावून केला आणि तो पार फसला. मी आमच्या डोक्यात काम जसं असतं तसंच मांडलं. तोडफोड, सिव्हिल, कन्सील्ड वायरिंग, प्लंबिंग, सिलिंगचं फ्रेमिंग, सुतारकाम, लॅमिनेट, रंग, फिटिंग असा प्रत्येकाचा रकाना. कार्डं पन्नासच्या वर. हॉलमधल्या टीव्ही युनिटचीच चार कार्डं. ताई आयटीतल्या, त्यांना वाचता आलं. पण मेसेज कमी झाले नाहीत, उलट त्यांना नवीन विषय मिळाले. "फ्रेमिंगचं कार्ड तीन दिवस हललं नाही, काही अडचण आहे का?" "प्रायमर आणि पुट्टी वेगळी का?" रोज पन्नास कार्डं हलवणं मलाही जमेना. कामं पुढे गेलेली असायची आणि बोर्ड मागे. मग ताई बोर्ड बघून मेसेज करायच्या आणि मी सांगायचे की बोर्डावर जाऊ नका, ते कधीच झालंय. मग बोर्ड कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

त्यांच्याच साइटवर अर्ध्यातून बोर्ड नव्यानं मांडला. तेव्हापासून थोड्याफार फरकानं तोच चालू आहे.

कार्ड कशाचं करायचं, हा पहिला निर्णय. आता कार्ड ग्राहकाला समोर उभं राहून बघता येईल अशा गोष्टीचं असतं. मास्टर बाथरूम. किचन ओटा. किचनच्या ट्रॉल्या. मुलांच्या खोलीचं वॉर्डरोब. हॉलचं सिलिंग. टू बीएचकेला पंधरा-वीस कार्डं होतात. बारीक पायऱ्या कार्डाच्या आत चेकलिस्टमध्ये जातात. बाहेरून कार्डावर नुसतं दिसतं की सातपैकी चार झालं. ज्याला आत जाऊन बघायचंय तो बघतो, बहुतेक जण बघत नाहीत.

रकाने पाच. अजून सुरू नाही. काम चालू. थांबलंय. तुमच्याकडून हवं. झालं, पाहून घ्या.

"थांबलंय" हा रकाना ठेवू नये असं नवऱ्याचं मत होतं. आपणच आपल्या तोंडानं थांबलंय कशाला सांगायचं? पण मेसेज आणणारे दिवस तेच होते. त्यासाठी एक नियम केला: या रकान्यात कार्ड टाकायचं तर कार्डाच्या नावातच कारण आणि तारीख लिहायची. "मास्टर बाथरूम – पाणी भरून ठेवलंय, गळती तपासतोय, बुधवारी टाइल सुरू." "हॉल रंग – पुट्टी ओली आहे, पावसामुळे वेळ लागतोय, शुक्रवारी बघून सांगते." कार्ड उघडायला लागता कामा नये. उघडावं लागलं की माणूस उघडत नाही, मेसेज करतो. तारीख पक्की नसेल तर कोणत्या दिवशी पुन्हा सांगणार ती लिहायची. हा रकाना आल्यावर सकाळचा हप्ता जवळजवळ बंद झाला. होळीला आमचे राजस्थानचे सुतार गावी जातात आणि साइटवर आठ-दहा दिवस शुकशुकाट असतो. पूर्वी त्या दिवसांत मी फोन घ्यायला घाबरायचे. आता आठवडाभर आधी कार्डावर येतं की सुतार गावी, अमुक सोमवारी परत. लोक कुरकुरतात, पण एकदाच.

चौथ्या रकान्याची खरी किंमत ठाकुर्लीच्या एका किचननं कळली. तेवढं जरा सविस्तर सांगते, कारण उशीर कसा होतो ते त्यात नीट दिसतं.

नवीन फ्लॅट, बिल्डरचा ओटा काढून इंग्रजी एल आकाराचा मोठा ओटा करायचा होता. त्यांना ओट्यात बसवलेली शेगडी, म्हणजे हॉब हवा होता. हॉबसाठी ग्रॅनाइटला चौकोनी भोक पाडावं लागतं. त्याचं माप प्रत्येक कंपनीचं आणि मॉडेलचं वेगळं असतं, तीन बर्नर आणि चार बर्नरचं तर असतंच. ते माप हॉबसोबतच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. म्हणजे मॉडेल ठरल्याशिवाय ग्रॅनाइट कापता येत नाही. ग्रॅनाइट बसल्याशिवाय सिंक आणि नळाचं काम होत नाही. ओट्यावरच्या भिंतीच्या टाइल्स ओटा बसल्यावर लागतात. ट्रॉल्यांच्या शटरचं शेवटचं मापही ओटा बसल्यावरच घेतलेलं बरं, कारण ओट्याची लेव्हल दोन-चार मिलिमीटरनं इकडेतिकडे झाली तर शटर घासतात. शटर फॅक्टरीतून यायला तीन-चार आठवडे. एका शेगडीवर सगळं किचन अडकलेलं.

ग्राहकांचा विचार साधा होता. सेल लागला की हॉब-चिमणी घेऊ, काम तोवर चालू द्या. त्यांना वाटत होतं शेगडी म्हणजे शेवटी आणून ठेवायची वस्तू. पूर्वीच्या पद्धतीनं मी ग्रुपवर "हॉबचं मॉडेल कळवा" लिहिलं असतं, त्याखाली वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि टाइल्सचे फोटो आले असते आणि माझा मेसेज वर निघून गेला असता. महिन्यानं किचन का झालं नाही म्हणून मलाच विचारलं असतं. पूर्वी हे झालेलं आहे, म्हणून लिहितेय.

इथे कार्ड केलं: "हॉबचं मॉडेल ठरवा – 18 तारखेपर्यंत. त्यानंतर जितके दिवस जातील तितकं किचन पुढे जाईल." हॉब आणायलाही लागत नाही, मॉडेल नंबर पुरतो, हेही लिहिलं. "किचन ओटा" आणि "ट्रॉल्या" ही कार्डं "थांबलंय"मध्ये ठेवली, नावात "हॉबचं मॉडेल ठरल्यावर" असं लिहून. 18 तारीख उलटली. ट्रेलोत मुदत उलटलेल्या कार्डाची तारीख लाल होते. मी एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या सासऱ्यांनीच मुलाला विचारलं की हे लाल काय आहे. रात्री मॉडेल नंबर आला. चिमणीचंही त्याच वेळी ठरलं, म्हणून पाइपचं भोक टाइल लावण्याआधी पाडता आलं. नंतर पाडलं असतं तर टाइल तडकण्याची भीती असते. किचन तरीही चार दिवस उशिरा झालं, पण कुणामुळे याची चर्चा झाली नाही. तारीख बोर्डावरच होती.

याच रकान्यानं एकदा वाईटपणाही आणला. डोंबिवलीच्या एका घरात लॅमिनेटच्या शेडवरून नवरा-बायकोचं एकमत होत नव्हतं. कार्ड तिथे पंधरवडाभर लाल होऊन पडलेलं. बोर्ड बघणाऱ्यांत पुण्याच्या नणंदबाईही होत्या. त्यांनी वहिनींना फोन करून विचारलं, "तुमच्यामुळेच अडलंय म्हणे?" वहिनी माझ्यावर चिडल्या, आणि त्यांच्या जागी मीही चिडले असते. त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. रकान्याचं नाव "ठरवायचं आहे" केलं, त्यात कुणाकडे बोट नाही. आणि घरातल्या कुणाकुणाला बोर्ड दाखवायचा हे सुरुवातीलाच विचारून घेते.

दाखवायचा कसा, हा तांत्रिक भाग आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. फुकटच्या प्लॅनमध्ये ग्राहकाला बोर्डाचा सदस्य केलं की त्याला फक्त बघता येतं असं नाही; तो कार्ड हलवू शकतो, बदलू शकतो. नुसतं बघण्याची मुभा देणारा ऑब्झर्व्हर हा प्रकार वरच्या, पैसे भरायच्या प्लॅनमध्ये आहे. मोबाइलवर बोट सरकवताना कार्ड सहज हलतं. आमच्या एका काकांनी नकळत "बेडरूम रंग" हे कार्ड "झालं"मध्ये नेलं आणि संध्याकाळी रंग बघायला गेले. भिंतीला पुट्टीसुद्धा नव्हती. दुसरीकडे एक कार्डच गायब झालं. ते मिळालं, कारण काढून टाकलेलं कार्ड आधी बोर्डाच्या मेनूतल्या Archived items मध्ये जातं आणि तिथून परत आणता येतं. कोणी कधी काय हलवलं याची नोंदही कार्डातच राहते. भांडण होत नाही, पण वेळ जातो.

मग सोपा वाटणारा रस्ता म्हणजे बोर्ड पब्लिक करायचा आणि लिंक द्यायची. लिंक असलेला कुणीही बघू शकतो, हलवू शकत नाही. मी हे करणारच होते. खडकपाड्याच्या ताईंनी थांबवलं. पब्लिक बोर्ड गूगलच्या शोधातही सापडू शकतो. 2018 मध्ये कुशाग्र पाठक या सुरक्षा संशोधकानं साध्या गूगल सर्चनं असे कित्येक पब्लिक बोर्ड शोधून दाखवले होते, त्यात कंपन्यांचे पासवर्डसुद्धा होते. आमच्या बोर्डावर पासवर्ड नसतात, पण काय असतं ते बघा: फ्लॅट नंबर, घर कोणत्या आठवड्यात रिकामं आहे, किल्ली कुणाकडे आहे, आतले फोटो, तिजोरी वॉर्डरोबच्या कुठल्या कप्प्यात बसणार आहे. हे जगाला दाखवण्यासारखं नाही.

म्हणून बोर्ड प्रायव्हेट ठेवतो. घरातल्या एकाच माणसाला सदस्य करतो, ज्याला असली साधनं वापरायची सवय आहे त्याला. बोर्डाच्या नावात फ्लॅट नंबर नाही, "ठाकुर्ली किचन" असं काहीतरी. किल्ली, तिजोरी, पैसे हे विषय बोर्डावर आणायचेच नाहीत. आणि आमचा हिशोबाचा बोर्ड पूर्ण वेगळा, ज्यात सुताराचा दर, मालाची बिलं, कोणाला किती द्यायचं आहे. एकाच बोर्डावर दोन्ही ठेवून "ते ग्राहकाला दिसत नसेल" असं गृहीत धरू नका. बोर्डाचा सदस्य बोर्डावरचं सगळं बघतो. फुकटात एका वर्कस्पेसमध्ये दहा बोर्ड आणि दहाच जण अशी मर्यादा आहे, तीही लक्षात ठेवावी लागते. काम संपलं की आम्ही त्या ग्राहकाला काढून बोर्ड बंद करतो.

आता एक कबुली द्यायला हवी. एवढं सगळं करून बहुतेक ग्राहक बोर्ड उघडत नाहीत. ॲप डाउनलोड करा, लॉगिन करा म्हटलं की निम्मे तिथेच गळतात. आयटीवाले आठवडाभर उघडतात, मग तेही नाही. मी आधी हिरमुसले. नंतर करायला लागले ते असं: रोज संध्याकाळी बोर्ड अपडेट झाला की लॅपटॉपवर त्याचा स्क्रीनशॉट काढायचा आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. पाच रकाने, पंधरा कार्डं, एका नजरेत. खाली एक ओळ, आज काय झालं. ग्रुपमधल्या सासूबाईंनाही ते वाचता येतं, कारण मी कार्डं मराठीत लिहिते. खरं सांगायचं तर मेसेज कमी केले ते या स्क्रीनशॉटनं. मग बोर्ड कशाला, नुसता मेसेज लिहिला असता तर? तेही करून बघितलं. नुसत्या मेसेजमध्ये आज काय झालं ते येतं, काय थांबलंय आणि का ते सोयीस्करपणे राहून जातं. बोर्डावर ते कार्ड डोळ्यांसमोर असतं, झाकता येत नाही.

वेळ संध्याकाळी सातच्या आतली. लोक परतीच्या गाडीत मोबाइल उघडतात, त्याआधी उत्तर पोचलेलं असलं की प्रश्न येत नाही. रात्री दहाला टाकलं तर तोवर तीन जणांनी विचारून झालेलं असतं. मिस्त्री ट्रेलो वापरत नाहीत, मी त्यांना सांगतही नाही. ते काम आवरताना खोलीचा एक फोटो आणि एक व्हॉइस नोट पाठवतात: "ताई, शटर लागले, हँडल उद्या." कार्डं मी हलवते. साइट वाढल्या तेव्हा हे काम ऑफिसमधल्या मुलीवर सोपवून बघितलं. ती मिस्त्रींची भाषा तशीच उतरवायची. "लिपिंग बाकी" वाचून ग्राहक घाबरला. लिपिंग म्हणजे प्लायच्या कडेला लावायची लाकडी पट्टी, तासाभराचं काम. त्यामुळे कार्डाची भाषा मीच बघते.

बोर्ड मागे पडला की लगेच कळतं. एका पावसाळ्यात घरी आजारपण होतं आणि दोन-तीन दिवस काहीच हललं नाही. मेसेज पूर्वीपेक्षा जास्त आले. बोर्ड नसता तर लोकांनी वाट बघितली असती. बोर्ड असताना तो हलला नाही म्हणजे काम हललं नाही, असाच अर्थ लागतो. आता पहिल्या रकान्यात सगळ्यात वर एक कार्ड असतं, "शेवटचं अपडेट: अमुक वार." जमणार नसेल तर तिथेच लिहिते, "पुढचं अपडेट सोमवारी."

पाचव्या रकान्याचं नाव "झालं" एवढंच होतं, त्याला "पाहून घ्या" नंतर जोडलं. मिस्त्रींच्या लेखी वॉर्डरोब झालं म्हणजे शेवटचा स्क्रू बसला. ग्राहकाच्या लेखी झालं म्हणजे कपडे ठेवता येतात. मधे बिजागऱ्यांचं ॲडजस्टमेंट, सिलिकॉन, लॅमिनेटवरची फिल्म काढणं, आतून पुसणं, एवढं असतं. "झालं" वाचून ताई कपड्यांच्या बॅगा घेऊन आल्या आणि आत भुसा. आता या रकान्यात कार्ड गेलं की ग्राहकानं बघायचं आणि ग्रुपवर "बघितलं, ठीक" लिहायचं, किंवा काय राहिलंय ते सांगायचं. राहिलेलं चेकलिस्टमध्ये जातं आणि कार्ड परत "काम चालू"मध्ये. हप्त्याची मागणी मी या होकारानंतरच करते. शेवटच्या हप्त्यावरून होणारी घासाघीस यामुळे कमी झाली. बंद नाही झाली.

मधेच कुणी विचारलंच, तर एक सवय ठेवली आहे. उत्तर टाइप करायचं नाही. आधी कार्ड बरोबर करायचं, मग त्या कार्डाचा स्क्रीनशॉट पाठवायचा. "बोर्ड बघा" असं नुसतं कधीच लिहायचं नाही, ते तोडून बोलल्यासारखं लागतं. पाणी गळतंय, शॉक लागतोय, सोसायटीचा वॉचमन माल आत सोडत नाही, असल्या गोष्टींना फोन. कामाच्या दर्जाची तक्रार असेल तर साइटवर जाऊन समोरासमोर. तक्रारीचं कार्ड केलं की माणसाला वाटतं आपल्याला टोकन दिलंय.

दोन आठवड्यांच्या कामाला, एखादं वॉर्डरोब किंवा नुसतं सिलिंग, आम्ही बोर्ड करत नाही. आणि ज्यांच्या घरात कुणीच स्मार्टफोनवर फार नसतं, त्यांच्याकडे मुख्य दाराच्या आतल्या बाजूला मोठा कागद चिकटवतो. त्यावर तेच पाच रकाने आणि चिकटपट्टीचे कागद. गांधारीच्या काकांच्या दुसऱ्या बाथरूमच्या वेळी असंच केलं. ते रोज सकाळी कुलूप उघडून कागद वाचायचे आणि परत जायचे. हा काही मागास प्रकार नाही. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी कार्डांवरून काम दाखवायची पद्धत बसवली, तेव्हा ती कागदी कार्डांवरच चालायची. ट्रेलो वगैरे फार नंतर आलं.

तुमचंही असंच काम असेल, शिवणकामाचं, छपाईचं, वेबसाइटचं, रिटर्न भरायचं, आणि मेसेजनं जीव नकोसा झाला असेल, तर बोर्ड उघडायच्या आधी एक बघा: रोज संध्याकाळी ठरल्या वेळी दहा-पंधरा मिनिटं तुम्हाला त्याला देता येतील का. येणार असतील तर चालू कामांपैकी एकाच ग्राहकावर महिनाभर करून बघा आणि "थांबलंय"चा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. येणार नसतील तर बोर्डाच्या फंदात पडू नका, व्हॉट्सॲपच बरं.